पडद्याचे पिक्सेल आणि गेमने रंगवलेले पिक्सेल

‘एवढ्या रिझोल्यूशनचा पडदा घेऊ नकोस, साधी ग्राफिक्स चिप त्याला पुरी पडणार नाही.’ लॅपटॉप घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा सल्ला कोणीतरी देतंच. त्यामुळे दिवसभर मजकूर वाचणारी माणसं भरड अक्षरांचा पडदा घेऊन मोकळी होतात आणि पुढची पाच वर्षं त्याच्याकडे बघत बसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा सल्ला दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून दिलेला असतो.

पहिली गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे: पडद्यावर किती पिक्सेल आहेत. १४ इंची लॅपटॉपवर आता २८८०×१८०० सर्रास दिसतं, म्हणजे सुमारे ५२ लाख पिक्सेल. ही संख्या कारखान्यात ठरते आणि कोणत्याही सेटिंगने बदलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रेंडर रिझोल्यूशन. गेम एक चित्र तयार करताना किती पिक्सेलचा रंग प्रत्यक्ष हिशेब करून काढतो, ती ही संख्या. ती पडद्याइतकीच असली पाहिजे असा काही नियम नाही. चिपला घाम फुटतो तो या दुसऱ्या संख्येमुळे.

आधी नुसत्या पडद्याचा भार किती ते पाहू. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र सुमारे २१ मेगाबाइटचं होतं. सेकंदाला ६० वेळा ते पडद्याकडे पाठवायचं म्हटलं तर सव्वा गिगाबाइट. दोन चॅनेलची डीडीआर४-३२०० मेमरी कागदोपत्री सेकंदाला ५१.२ गिगाबाइट वाहून नेते, म्हणजे पडद्याचा वाटा अडीच टक्क्यांच्या आत राहिला. खिडक्या सरकवणं, पान वरखाली करणं यांतही बहुतेक आधीच तयार असलेली चित्रं एकमेकांवर रचायची असतात. व्हिडिओ उलगडायला तर चिपमध्ये वेगळा भागच असतो. बॅटरी थोडी जास्त लागते हे मला मान्य आहे, पण ‘चिप दबते’ हे नाही.

गेममध्ये हिशेब बदलतो. तिथे एकेका पिक्सेलसाठी प्रकाश कुठून आला, सावली पडते का, पृष्ठभागाचा पोत कसा आहे हे दर फ्रेमला नव्याने काढावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मेमरीतून पुन्हा वाचावं लागतं. प्रोसेसरच्या आतच असलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, त्यामुळे तिथे हे वाचन लगेच तुंबतं. रॅमची एकच पट्टी आणि एकच चॅनेल असेल तर मेमरीचा वेगही निम्मा होतो. मग लोक पडद्याला दोष देतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. समजा एक गेम २८८०×१८०० वर सेकंदाला २४ फ्रेम देतो आणि १९२०×१२०० वर ४५. म्हणजे एका फ्रेमला आधी सुमारे ४२ मिलिसेकंद लागत होते, आता २२ लागतात. पिक्सेल ५२ लाखांवरून २३ लाखांवर, म्हणजे सव्वादोन पटींनी, उतरले, पण वेळ तेवढ्या पटीत कमी झाला नाही. कारण वेळेचा एक भाग पिक्सेलवर अवलंबूनच नसतो: पात्रांच्या हालचाली, आकारांचे त्रिकोण, प्रोसेसरची कामं. दोन्ही मोजमापं जुळवून पाहिली तर हा ठरलेला भाग साडेसहा मिलिसेकंदांच्या आसपास निघतो आणि दर दहा लाख पिक्सेलमागे पावणेसात मिलिसेकंद लागतात. त्याच हिशेबाने १४४०×९०० वर फ्रेमला साडेपंधरा मिलिसेकंद लागतील, म्हणजे ६० फ्रेमचा टप्पा गाठला. पडदा तिन्ही वेळा तोच होता!

हाच प्रयोग उलटही उपयोगी पडतो. रिझोल्यूशन बरंच खाली आणूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. मग चित्र आणखी पुसट करण्यात काहीच अर्थ नाही.

आता रेंडर रिझोल्यूशन खाली आणलेलं डोळ्यांना चालतं का? चालतं, पण ते कुठून खाली आणलं यावर सगळं आहे, आणि लोक नेमके इथेच चुकतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन Display resolution कमी केलं की अक्षरं, मेन्यू, चिन्हं सगळंच लहान आकारात काढून पडद्यावर ताणलं जातं. अक्षरांच्या कडा एका पिक्सेलच्या रुंदीवर उभ्या असतात. १९२० चे २८८० करताना दर दोन पिक्सेल तीनमध्ये वाटावे लागतात आणि ती कड पसरते. हे मला अजिबात सहन होत नाही, आणि कोणी करू नये असं मी ठामपणे म्हणेन. त्याच पानावरचं Scale २०० टक्के करणं ही तर तिसरीच गोष्ट. त्याने अक्षरं मोठी होतात, पिक्सेल एकही कमी होत नाही.

योग्य जागा गेमच्या आत आहे: Render Scale किंवा Resolution Scale. तिथे सहसा फक्त देखावा कमी पिक्सेलमध्ये काढला जातो. नकाशा, आकडे, संवादाच्या ओळी पडद्याच्या पूर्ण रिझोल्यूशनमध्येच राहतात. हलतं चित्र ताणलेलं डोळा सहज माफ करतो, अक्षरं करत नाही. १४ इंची पडद्यावर १९२०×१२०० म्हणजे इंचाला सुमारे १६० पिक्सेल. २४ इंची १९२०×१०८० मॉनिटरवर ते ९२ असतात. लॅपटॉप आपण जवळून पाहतो हे धरलं तरी या पायरीवर तक्रारीला फारशी जागा नाही. १४४०×९०० वर मात्र विजेच्या तारा, जाळीची कुंपणं, दूरची पानं हलताना चमचमू लागतात. माझी मर्यादा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

कमी पिक्सेलमध्ये काढलेलं चित्र मोठं करणारं एफएसआर २ सारखं तंत्र आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून ही चमचम बरीच आवरतं. त्याच्या Quality पर्यायात दोन्ही बाजू दीड पटींनी कमी होतात, म्हणजे आपल्या पडद्यावर नेमकं १९२०×१२००. पण हे तंत्र फुकट नाही. त्याचा खर्च मुख्यतः बाहेर पडणाऱ्या चित्राच्या आकारावर ठरतो, आणि साध्या चिपवर तो फ्रेममधले काही मिलिसेकंद खाऊ शकतो. म्हणून ते चालू करून एकदा आणि बंद करून एकदा, त्याच जागी उभं राहून फ्रेम मोजाव्यात.

जुन्या गेममध्ये Render Scale नसतंच. तिथे गेमचं स्वतःचं रिझोल्यूशन उतरवावं लागतं. तेव्हा २८८०×१८०० च्या पडद्यावर १४४०×९०० निवडावं आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये Integer scaling चालू करावं, म्हणजे एका पिक्सेलचे नेमके चार होतात आणि अक्षरं ठोकळेबाज पण स्वच्छ राहतात. ‘बरोबर निम्मं केलं की आपोआप स्वच्छ दिसतं’ हे खरं नाही. तो पर्याय बंद असेल तर सहसा नेमकं निम्मं चित्रसुद्धा पुसटच ताणलं जातं.