‘आज चालू आहे का?’ एवढंच विचारू नका; ठिकाण आणि काम लिहा

आमच्या पावतीवर, फलकावर आणि शटरवर एकच व्हॉट्सअॅप नंबर छापलेला आहे. त्या नंबरवर तीन ठिकाणचे मेसेज येतात: बसस्थानकाजवळचं सेवा केंद्र, त्याला लागूनच असलेलं बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आणि यार्डाच्या रस्त्यावरचं पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान. तिन्हीकडची कामं वेगळी, सुट्ट्याही वेगळ्या. त्यामुळे नवीन नंबरवरून नुसतं ‘आज चालू आहे का?’ आलं की ‘हो’ म्हणणंही धोक्याचं आणि ‘नाही’ म्हणणंही.

आमच्या फोनवर त्या वेळी काय दिसतं, ते आधी सांगतो. तुमचा नंबर आमच्याकडे सेव्ह नसतो, आधीचं बोलणं नसतं, फोटोत बहुतेक वेळा विठोबा नाहीतर बैलजोडी असते. आम्ही लगेच ‘कुठलं ठिकाण, काय काम?’ असं विचारतो. तोवर तुम्ही गाडीत बसलेले असता. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते-येते. आमचा प्रश्न तुम्हाला दिसतो तो इथे उतरल्यावर, बंद शटरसमोर.

दुसरी गफलत आपोआप जाणाऱ्या मेसेजमुळे होते. पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला, किंवा 14 दिवस काही बोलणं झालेलं नसेल त्याला, व्हॉट्सअॅप आमच्या वतीने ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ असा ठरलेला मजकूर पाठवतं. दुकानाला कुलूप असलं तरी तो जातो. ‘रिप्लाय आला म्हणजे उघडं असेल’ असं धरून कृपया निघू नका. आमच्या प्रोफाइलवर दिसणाऱ्या वेळेचंही तसंच. एका नंबरला वेळांचा एकच तक्ता लावता येतो आणि तो आम्ही सेवा केंद्राचा लावला आहे. मोटर दुरुस्तीच्या दुकानाला तो लागू नाही आणि सणाची सुट्टी त्यात आपोआप येत नाही. माणसाने लिहिलेल्या उत्तरात ठिकाणाचं नाव असतं. त्यावरून फरक ओळखा.

सगळ्यात जास्त फेऱ्या फुकट जातात त्या शनिवारी. महिन्यातला चौथा शनिवार घ्या. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार चालू. तहसील कार्यालय मात्र कुठल्याच शनिवारी नसतं, कारण राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला आहे. आमची दोन्ही केंद्रं त्या शनिवारी उघडी असतात. म्हणजे ‘चालू आहे का?’ला ‘हो’ हे उत्तर खरंच असतं, तरीही तुमचं काम होईल की नाही हे त्यातून कळत नाही.

समजा, मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे आणि त्याच फेरीत आईच्या खात्यातून पैसेही काढायचे आहेत. चौथ्या शनिवारी दाखल्याचा अर्ज भरून होईल, कागदपत्रं अपलोड होतील, पावतीही मिळेल. पण पुढची तपासणी तहसीलच्या टेबलावर होते आणि ते टेबल सोमवारी उघडतं. त्याच दिवशी दाखला हातात हवा म्हणून येत असाल तर फेरी वाया जाईल. आईचे पैसे ग्राहक सेवा केंद्रात आधार आणि अंगठ्यावर निघतील, एका वेळी जास्तीत जास्त 10,000 रुपये. मात्र अंगठा आईचाच लागतो. तिचं आधार कार्ड घेऊन मुलगा एकटा आला तर उपयोग नाही. आणि खात्याला आधारच जोडलेलं नसेल तर ते काम शाखेचं, म्हणजे पुन्हा सोमवार. यातलं काहीच आम्हाला ‘आज चालू आहे का?’ यावरून सांगता आलं नसतं.

तेच पहिल्या मेसेजमध्ये असं लिहिलं तर?

‘सेवा केंद्र. शनिवारी सकाळी 11 ला येतो. उत्पन्नाचा दाखला, नवीन अर्ज. आईच्या खात्यातून 5,000 काढायचे, आई सोबत आहे.’

याला एकाच उत्तरात काम भागतं: अर्ज होईल, दाखला त्या दिवशी नाही, पैसे मिळतील, अमुक कागद आणा. लिहिण्याची पद्धत हीच असली पाहिजे असं नाही. ठिकाण, काम, काम कुणाचं आणि येण्याचा वार एवढं आलं की पुरे. अहिराणीत ‘मोटरनं दुकान रईवारे चालू शे का?’ असं लिहिलंत तरी आम्हाला कळतं; त्यात दुकानही आहे आणि वारही, फक्त पुढे काम टाका.

वार लिहाच. रात्री 11 वाजता पाठवलेला ‘आज’ आम्ही सकाळी वाचतो आणि आमच्या ‘आज’चं उत्तर देतो. अमावस्या, पोळा, गावची यात्रा जवळ असेल तेव्हा एका दिवसाच्या फरकाने सगळंच बदलतं. त्या दिवसांत वारासोबत तारीखही टाकावी.

मोटर दुरुस्तीचं थोडं निराळं आहे. तिथे रविवारी दुपारपर्यंत एक माणूस असतो. तो मोटर उतरवून घेतो, चिठ्ठी देतो, स्पेअर पार्ट विकतो. वाइंडिंग करणारा कारागीर सोमवारी येतो. केळीला पाणी द्यायचं थांबलेलं असताना ‘उघडं आहे’ ऐकून कुणी टेम्पो करून मोटर आणली आणि संध्याकाळी परत न्यायची म्हटली, तर ते होणार नाही. जळालेली वाइंडिंग काढणं, नवीन तार भरणं, वॉर्निश मारून सुकवणं याला कारागीर हजर असला तरी वेळ लागतोच, आणि वॉर्निश ओलं असताना मोटर चालवली तर ती पुन्हा जळू शकते. म्हणून मेसेजमध्ये ‘मोटर जळाली’ असं लिहून नेमप्लेटचा फोटो जोडा. त्यावरून एचपी आणि फेज कळतात, त्या मापाची तार शिल्लक आहे का ते पाहता येतं आणि आणायची कधी ते नेमकं सांगता येतं. प्लेट पुसलेली असेल तर बोअरवेलची की विहिरीची आणि सिंगल फेज की थ्री फेज, एवढं लिहा.

काहीजण ‘चालू आहे का?’ विचारतात तेव्हा त्यांना सरकारी साईटबद्दल विचारायचं असतं. तसं असेल तर योजनेचं नाव लिहा. एक साईट बंद असताना दुसरी व्यवस्थित चालू असते. साईटबद्दलचं आमचं उत्तर मात्र त्या घडीपुरतं असतं. सकाळी 9 ला चालू असलेली साईट 12 ला अडकू शकते. शेवटच्या तारखेच्या कामाला एकाच दिवसाच्या भरवशावर राहू नका.

व्हॉइस मेसेजपेक्षा लिहून पाठवा. काउंटरवर गर्दी असताना ऐकणं मागे पडतं, लिहिलेलं तेवढ्यात वाचून होतं. लिहिता येत नसेल तर सरळ फोन करा. नुसतं ‘नमस्कार’ टाकून आमच्या उत्तराची वाट पाहू नका. नमस्काराखालीच काम लिहा.

प्रत्येक काउंटरवर आता वेगळा क्यूआर कोड लावला आहे. तो स्कॅन केला की मेसेजच्या जागी त्या ठिकाणाचं नाव आधीच लिहून येतं. ती ओळ पुसू नका, तिच्यापुढे काम आणि वार टाकून पाठवा. पुढच्या वेळेसाठी कोडचा फोटो काढून ठेवलात तरी चालेल, फक्त ज्या ठिकाणचं काम त्याच ठिकाणचा कोड वापरा.

मेसेजना उत्तर सकाळी 9 ते संध्याकाळी 7 या वेळेत मिळतं. सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं असेल तर आदल्या दिवशी 7 च्या आत विचारा.