लूपमध्ये लूप दिसला की n² च का?

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, त्यामुळे संध्याकाळी काही समजावून सांगायचं तर आवाज चढवावाच लागतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली भाची परवा चाचणीचा पेपर घेऊन आली. "मामा, लूपमध्ये लूप होता म्हणून मी O(n²) लिहिलं, तर दोनातला एक गुण कापला." n वाढेल तसं या लूपचं काम किती वाढतं, असा प्रश्न होता:

```c
for (int i = 1; i <= n; i++)
    for (int j = i; j <= n; j += i)
        count++;
```

खरं तर तिचं उत्तर खोटं नव्हतं. O ही वरची मर्यादा असते, आणि हे काम n² च्या वर कधीच जात नाही. पण "सोलापूरहून अक्कलकोटला फार तर दहा तास लागतील" हेही खोटं नाही, त्याचा उपयोग मात्र कुणाला नाही. पेपरात विचारतात ती अगदी चपखल बसणारी मर्यादा.

सगळी गोम `j += i` मध्ये आहे. तिला म्हटलं, चादरीचे सोळा उभे धागे डोळ्यांसमोर आण. पहिल्या फेरीत प्रत्येक धाग्याला बोट लावायचं, दुसऱ्या फेरीत दर दुसऱ्या, तिसरीत दर तिसऱ्या. फेऱ्याही सोळाच. बोट किती वेळा लागलं, तेवढा `count`. पहिल्या फेरीत १६, दुसरीत ८, तिसरीत ५ (तिसरा, सहावा, नववा, बारावा, पंधरावा), चौथीत ४. नवव्या फेरीपासून पुढे प्रत्येकीत एकच धागा. तिनं वहीत बेरीज केली: ५०. n² म्हणजे २५६ असते.

"पण `j++` असतं तरी २५६ झाले नसतेच," ती म्हणाली. बरोबर. तेव्हा १६ + १५ + १४ असं उतरत १३६ झाले असते, आणि तरी उत्तर O(n²) च राहिलं असतं. कारण तिथे एकूण काम n(n+1)/2 आहे, म्हणजे n² च्या साधारण निम्मं. n कितीही वाढवा, ते निम्म्याच्या आसपासच राहतं, आणि ठरावीक पटीचा फरक O मध्ये धरत नाहीत. आपल्या लूपमध्ये n² शी असलेलं हे गुणोत्तरच n वाढेल तसं घटत जातं.

किती घटतं? फेऱ्यांचे गट पाडायचे: पहिली एकटी, मग २ ते ३, ४ ते ७, ८ ते १५, आणि उरलेली सोळावी. प्रत्येक गट आधीच्याच्या दुप्पट फेऱ्यांचा. पण गटातल्या फेऱ्या दुप्पट होतात तेव्हा एकेका फेरीतलं काम साधारण निम्मं होतं. चौथ्या ते सातव्या फेरीत चार फेऱ्या आहेत आणि प्रत्येकीत जास्तीत जास्त १६/४ वेळा बोट लागतं, म्हणून त्या गटाचं काम १६ च्या वर जाऊच शकत नाही. गटांचे आकडे मांडले: १६, १३, ११, ९, १. पूर्ण भरलेला एकही गट n च्या निम्म्याखाली जात नाही, n च्या वर तर नाहीच. शेवटचा १ अर्धवट गटाचा, त्याला धरायचं नाही.

मग गट किती? १ ला दुप्पट करत n पर्यंत पोचायला जितक्या पायऱ्या लागतात, साधारण तितके, म्हणजे log n. प्रत्येक गटात n च्या घरातलं काम. म्हणून O(n log n). इथे log चा पाया २ घेतला काय, १० घेतला काय, ठरावीक पटीचाच फरक पडतो, म्हणून तो लिहीत नाहीत.

तिचा विश्वास बसेना. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला, तर तो संपेचना. मी डोकावून पाहिलं. अ‍ॅरेची सवय, तिनं `i = 0` पासून सुरुवात केली होती. `j` मध्ये शून्य मिळवत बसला बिचारा. शून्य काही पुढे सरकेना. पहिलीच फेरी अनंत! इथे `i = 1` ही निव्वळ लिहिण्याची पद्धत नाही, त्याशिवाय गाडी हलतच नाही.

दुरुस्त केल्यावर n = १,००० ला आकडा आला ७,०६९. आमच्या हिशेबानं दहा गट, म्हणजे वरची मर्यादा १०,०००, त्यात तो बसला. मग तिनं n दहापट केला: ९३,६६८. सव्वातेरा पट. शेजारी `j++` लावून तेच दोन आकडे काढले, तर ५,००,५०० वरून ५,००,०५,०००, जवळजवळ शंभर पट. तिनं दोन्ही जोड्या पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून घेतल्या.