कौशल्य आहे, पण ५० चे ४२.५० होतात

“फॅन्टसी क्रिकेट म्हणजे सट्टा नव्हे. मग अभ्यास केला की पैसे सुटतातच ना?”

नाही. फरक खरा आहे: सट्ट्यात भाव बुकी ठरवतो, त्याची कमाई त्या भावातच दडलेली असते. फॅन्टसीत लढत इतर खेळणाऱ्यांशी असते. कंपनी आपला वाटा आधीच कापते.

समजा, १०० जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले. जमले ५०००, कंपनीने ठेवले ७५०, बक्षिसांना उरले ४२५०. म्हणजे सरासरी माणसाच्या हाती ४२.५०. त्यातले १५०० एकट्या पहिल्याला आणि तळाच्या ७० जणांना शून्य! मुद्दल सुटायलाच सरासरीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त मिळवावं लागतं, तेही सामन्यामागून सामने.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदीच घातली.