अर्धवट जोडलेली पॉलिलाइन आणि क्षेत्रफळातील सहा चौरस मीटर : पार्श्वभूमी

ट्रेसिंगवरून संगणकावर उतरवलेल्या जुन्या नकाशांत घराची बाह्यरेषा बहुधा सुट्या लाइनांची असते, कारण ड्रॉइंग बोर्डावर प्रत्येक भिंत स्वतंत्रपणे ओढली जात असे आणि हाताची तीच सवय पुढे ऑटोकॅडमध्ये आली. छापील प्रतीवर सुट्या लाइना आणि पॉलिलाइन, म्हणजे अनेक तुकडे जोडून झालेली एकच सलग रेषा, यांत काहीच फरक दिसत नाही. क्षेत्रफळ त्रिकोण पाडून हातानेच काढले जात होते, तोवर हा फरक कोणाला जाणवलाही नाही. ऑटोकॅडच्या १९९७ च्या आवृत्ती १४ मध्ये हलकी पॉलिलाइन आली. तिच्यात सर्व शिरोबिंदू एकाच नोंदीत साठवले जाऊ लागले आणि ‘बंद की उघडी’ ही खूणही त्याच नोंदीत राहिली.

नागपुरात या खुणेला महत्त्व आले ते बांधकाम परवानगीच्या नकाशांची छाननी संगणकाकडे गेल्यावर. छाननीची प्रणाली ठरावीक लेअरवरील बंद पॉलिलाइन वाचून भूखंडाचे, मजल्याचे आणि वजावटीचे क्षेत्रफळ स्वतः मोजते. त्यामुळे ड्राफ्ट्समनने तक्त्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा त्याने ओढलेली रेषाच निर्णायक ठरते.

सर्वाधिक मतभेद आहेत ते AREA या आज्ञेच्या एका जुन्या वर्तनाबद्दल. तिच्या Object पर्यायात सुटी लाइन निवडली तर आज्ञा ती नाकारते. उघडी पॉलिलाइन मात्र ती स्वीकारते, शेवटच्या बिंदूपासून पहिल्या बिंदूपर्यंत सरळ रेषा आहे असे गृहीत धरून क्षेत्रफळ सांगते, आणि लांबी मोजताना तीच काल्पनिक रेषा वगळते. अंदाजी हिशेबासाठी ही सोय आहे, असे काही जण मानतात. परवानगीच्या नकाशात ती घातक आहे, असे माझे मत आहे.

बेसा भागातील एखाद्या घराचा इंग्रजी ‘एल’ आकाराचा तळमजला घेऊ. बाहेरून तो १० मीटर बाय १२ मीटर आहे आणि एका कोपऱ्यातून ४ मीटर बाय ३ मीटरचा भाग कापलेला आहे. खरे क्षेत्रफळ १२० वजा १२, म्हणजे १०८ चौरस मीटर, आणि परिमिती ४४ मीटर. पॉलिलाइन जोडण्या-बदलण्याच्या PEDIT या आज्ञेतील Join वापरताना कापलेल्या भागाच्या दोन बाजू जोडल्या गेल्या नाहीत, तर उघड्या टोकांमध्ये तिरकी रेषा गृहीत धरली जाते आणि ६ चौरस मीटरचा त्रिकोण वाढून उत्तर ११४ येते. लांबी मात्र ३७ मीटरच दिसते. १२ मीटरची सरळ बाजूच सुटली असती, तर क्षेत्रफळ बिनचूक १०८ आले असते आणि चूक केवळ लांबीतून, ४४ ऐवजी ३२ या आकड्यातून, कळली असती. क्षेत्रफळ जुळले म्हणून आकृती पूर्ण आहे असे समजता येत नाही, ते यामुळेच.

कापलेल्या भागाच्या त्या दोन बाजू का सुटतात? एक तर टोकांमध्ये दोन मिलिमीटरची फट असते, जी मीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत मोजल्यास 0.00 दिसते, किंवा त्या रेषांची Z उंची वेगळी असते, आणि वरून पाहताना तो फरक दिसतच नाही. फटीसाठी PEDIT च्या Multiple पर्यायात fuzz अंतर, म्हणजे किती फट असली तरी टोके जोडायची ते, देता येते. ते ०.०१ मीटर ठेवावे. ०.२ दिले तर ११५ मिलिमीटर जाडीच्या भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या रेषांची टोकेही एकमेकांना जोडली जाऊ शकतात. Z वेगळी असेल तर fuzz ने काहीच साधत नाही. आधी सर्व रेषांची उंची शून्य करावी लागते.

घाईत केला जाणारा दुसरा उपाय अधिक नुकसान करतो. Properties मध्ये Closed समोर No दिसले की तेथेच Yes केले जाते. पॉलिलाइन खरोखर बंद होते, पण बंद होते ती त्याच तिरक्या रेषेने, आणि छाननीत ११४ हा आकडा आता विनाआक्षेप पुढे जातो. हिशेब दोन मजल्यांचा असेल तर १२ चौरस मीटर बांधकाम न करताच चटई क्षेत्रात धरले जाते. बंद आकृतीतून सलग क्षेत्र तयार करणारी REGION ही आज्ञा असा अंदाज बांधत नाही: आकृती उघडी असेल तर 0 loops extracted असे सांगून थांबते. म्हणून मी तपासणी तिनेच करतो, तीही नकाशाच्या प्रतीवर, कारण मूळ रेषा ती सहसा पुसून टाकते.

आकृतीला उंची देणारी EXTRUDE ही आज्ञा पूर्वी अशीच काटेकोर होती आणि उघडी आकृती नाकारत असे. २००७ च्या आवृत्तीपासून ती उघड्या रेषेतूनही उंची उभी करते, पण तयार होतो तो पृष्ठभाग, घन नव्हे. वरील तळमजला तीन मीटर उचलला तर बंद आकृतीतून ३२४ घनमीटरचा ठोकळा मिळतो. उघड्या आकृतीतून कागदासारखी भिंत मिळते, जिला आकारमान नसते. घनाचे आकारमान सांगणारी MASSPROP ही आज्ञा ती स्वीकारत नाही, आणि चूक बहुधा तेव्हाच उघडकीस येते.