रस्त्यांवरील टोळ्यांमधील क्षेत्रकार्य

शहरी वस्त्यांमधील तरुणांच्या टोळ्यांमध्ये दीर्घकाळ वावरून, त्यांचे रोजचे व्यवहार जवळून पाहून आणि त्यांच्याशी बोलून केलेल्या समाजशास्त्रीय किंवा मानवशास्त्रीय अभ्यासास टोळ्यांमधील क्षेत्रकार्य असे म्हणतात. सहभागी निरीक्षण ही त्याची मुख्य पद्धत आहे. प्रश्नावली, पोलिसांच्या नोंदी किंवा तुरुंगातील मुलाखती यांतून टोळीचे जे चित्र मिळते ते बहुधा पकडल्या गेलेल्या माणसांचे असते. टोळीतील बहुतेकांचा बहुतेक वेळ मात्र कोपऱ्यावर उभे राहण्यात, वाट पाहण्यात आणि किरकोळ कमाईच्या खटपटीत जातो, आणि तो दिसण्यासाठी तेथे असावेच लागते. या अभ्यासात तीन प्रश्न टळत नाहीत : प्रवेश कोणाच्या परवानगीने मिळतो, अभ्यासक व त्याच्याशी बोलणारे सुरक्षित कसे राहतात, आणि बेकायदा कृत्यांबद्दल जे कळते त्याचे पुढे काय करायचे.

या परंपरेचा आरंभ शिकागोत झाला. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्ये त्या शहरातील १,३१३ टोळ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर विल्यम फूट व्हाइट यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनच्या इटालियन वस्तीत राहून कोपऱ्यावरच्या तरुणांचा अभ्यास केला. एका निवडणुकीत आपण त्यांच्याबरोबर एकाहून अधिक वेळा मतदान केले, हे व्हाइट यांनी पुढे स्वतःच लिहिले. निरीक्षक नकळत सहभागी कसा होतो, याचे हे जुने आणि तुलनेने सौम्य उदाहरण होय. पुढील विवेचन मुख्यतः सुधीर वेंकटेश यांच्या शिकागोतील कामाच्या आधारे केले आहे, कारण वरील तिन्ही प्रश्न त्यात एकमेकांत गुंतलेले दिसतात.

प्रवेश. मद्रासमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात वाढलेले वेंकटेश १९८९ मध्ये शिकागो विद्यापीठात समाजशास्त्राचे विद्यार्थी होते. गरीब कृष्णवर्णीय तरुणांसाठी तयार केलेली बहुपर्यायी प्रश्नावली घेऊन ते शहराच्या दक्षिण भागातील एका सरकारी इमारतीत गेले. प्रतिस्पर्धी टोळीने पाठवलेला माणूस असावा या संशयाने तेथील तरुणांनी त्यांना जिन्यातच अडवले आणि रात्रभर थांबवून ठेवले. टोळीच्या म्होरक्याने प्रश्नावली ऐकून घेतली आणि असे प्रश्न विचारत फिरण्यापेक्षा लोकांबरोबर वेळ घालवावा, असे सुचवले. सुटका झाल्यावर वेंकटेश पुन्हा तेथे गेले. पुढे हा म्होरक्या आपल्या माणसांसह रॉबर्ट टेलर होम्स या सोळा मजली २८ इमारतींच्या वसाहतीत काम करू लागला आणि त्याच्या संमतीने वेंकटेश अनेक वर्षे तेथे वावरले.

या घटनेतील धाडसाचे कौतुक बरेच झाले आहे. ते अनाठायी आहे, कारण नियोजित क्षेत्रकार्याचा तो नमुना नव्हे. सामान्यतः प्रवेश टोळीच्या परिघावरील माणसांमार्फत मिळतो : युवा केंद्रातील कार्यकर्ता, सुटून आलेला जुना सदस्य, एखाद्याचा चुलतभाऊ. अभ्यासक प्रथम वस्तीत ओळखीचा होतो आणि टोळी त्याच्याबद्दल आपल्या पद्धतीने चौकशी करते. त्याने कोठे काम करतो असे सांगितले आणि ते खरे आहे का, तो कोणाकोणाशी बोलतो, आणि एकाकडून ऐकलेले दुसऱ्याला सांगतो का, हे तपासले जाते. मुद्दाम खोटी बातमी कानावर घालून ती कोठे पोहोचते हे पाहणे, हाही या चौकशीचाच एक प्रकार असतो.

ज्याच्या शब्दावर प्रवेश मिळतो त्याची स्वतःचीही काही अपेक्षा असते. शिकागोतील म्होरक्याची समजूत अशी होती की हा विद्यार्थी आपले चरित्र लिहीत आहे. वेंकटेश यांनी ती दीर्घकाळ स्पष्टपणे खोडून काढली नाही, कारण तिच्यावरच त्यांचा वावर अवलंबून होता. याचा परिणाम माहितीवरही होतो. म्होरक्याबरोबर फिरणाऱ्याला टोळी म्होरक्याच्या बाजूने दिसते आणि कोपऱ्यावर माल विकणारा पोरगा त्याच्यासमोर जपूनच बोलतो. म्हणून प्रवेश एकदा मिळून संपत नाही. प्रत्येक थरातील माणसाची संमती वेगळी मिळवावी लागते आणि म्होरक्याने ‘याच्याशी बोल’ असे फर्मावले तर तिला संमती म्हणता येत नाही.

मिळालेला प्रवेश किती सहज तुटतो हे फिलिप बूर्ग्वा यांच्या अनुभवावरून दिसते. ते १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये कुटुंबासह राहून क्रॅक हा अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अभ्यास करीत होते. आपले छायाचित्र छापून आलेले वर्तमानपत्र त्यांनी अड्ड्याच्या मालकाला त्याच्या माणसांदेखत वाचायला दिले. मालकाला नीट वाचता येत नव्हते. हाताखालच्यांसमोर झालेल्या या मानहानीनंतर बूर्ग्वा यांना धमकीवजा इशारा मिळाला आणि त्या अड्ड्यापासून त्यांना काही काळ दूर राहावे लागले. कायदा, पोलीस किंवा पैसा यांचा येथे संबंधही नव्हता. टोळीत मान हेच भांडवल असल्यामुळे धोका अनेकदा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगातून उद्भवतो.

सुरक्षितता. टोळीचे सदस्य अभ्यासकावर हल्ला करतील ही भीती नवख्याला सर्वाधिक वाटते. प्रत्यक्षात अधिक मोठा धोका असतो तो चुकीच्या वेळी त्यांच्या शेजारी उभे असण्याचा. प्रतिस्पर्धी टोळीच्या गोळीला किंवा पोलिसांच्या धाडीला पाहुणा व सदस्य यांतील फरक कळत नाही. वेंकटेश यांनी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांच्यासह २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टोळीच्या हिशेबांच्या अभ्यासात सदस्यांचा वार्षिक मृत्युदर सुमारे सात टक्के आढळला. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांची कमाई किमान वेतनाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असताना ते ही जोखीम पत्करत होते. अभ्यासक त्याच जागी उभा राहतो तेव्हा त्या जोखमीचा काही वाटा त्याच्याकडेही येतो.

म्हणून अनुभवी अभ्यासक आपल्या उपस्थितीची वेळ लोकांना ठरवू देतात. ‘आज येऊ नकोस’ असे कोणी म्हटले तर कारण विचारत नाहीत. दोन टोळ्यांमध्ये वैर पेटले असेल तर काम थांबवतात आणि एकाच वेळी दोन वैरी टोळ्यांमध्ये वावरण्याचे टाळतात. एरवी खेळणारी मुले अचानक घरात ओढली जाणे, पहाऱ्यावरची पोरे जागा बदलणे, आपण जवळ जाताच बोलणे थांबणे, ही निघून जाण्याची चिन्हे मानली जातात. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे टोळीबाहेरच्या एका माणसाला माहीत असते. टोळीच्या गाडीतून प्रवास न करण्याचा नियम पाळायला सर्वांत कठीण असतो, कारण आग्रह प्रेमाने होतो आणि नकार अविश्वासासारखा दिसतो. परंतु गाडीत शस्त्र किंवा माल सापडल्यास सर्वच प्रवासी पोलिसांच्या ताब्यात जातात.

बेकायदा कृत्यांची माहिती. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला जे कायदेशीर संरक्षण असते ते संशोधकाला सहसा नसते. वेंकटेश यांना ही बाब काम सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर वकिलाकडून कळली, आणि कोणाला इजा करण्याचा बेत आधी कळल्यास तो पोलिसांना कळवावा लागेल, असेही त्यांना सांगण्यात आले. रिक स्कार्स या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये आपल्या अभ्यासातील प्राणिहक्क कार्यकर्त्यांविषयी, खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीसमोर सांगण्यास नकार दिला, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला १५९ दिवस तुरुंगात काढावे लागले. अमेरिकेत आरोग्यविषयक संशोधनासाठी मिळणारे गोपनीयतेचे प्रमाणपत्र सक्तीने माहिती उघड करण्यापासून संरक्षण देते. मात्र अभ्यासकाच्या स्वतःच्या कृत्यांना ते लागू होत नाही.

यावरून कामाचा एक व्यावहारिक नियम रूढ झाला : घडून गेलेल्या गोष्टी ऐकायच्या, घडणाऱ्या गोष्टींचे बेत ऐकायचे नाहीत. बोलणे सुरू होण्यापूर्वीच मर्यादा सांगितली जाते आणि माणूस नाव, तारीख किंवा जागा सांगू लागला तर त्याला थांबवले जाते. वहीत त्याच दिवसापासून टोपणनावे असतात आणि टोपणनावांची किल्ली वेगळी ठेवली जाते किंवा ठेवलीच जात नाही. ध्वनिमुद्रणे लिहून झाल्यावर पुसली जातात. ॲलिस गॉफमन यांनी फिलाडेल्फियातील आपल्या अभ्यासाच्या नोंदी नष्ट केल्या, तेव्हा माणसे सुरक्षित झाली खरी. पण लिहिलेल्या गोष्टी पडताळून पाहण्याचा मार्गही बंद झाला. शिवाय मित्राच्या खुन्याच्या शोधात निघालेल्या माणसाची गाडी आपण चालवली, हे त्यांनी पुस्तकातच लिहिले होते. २०१५ मध्ये स्टीव्हन लुबेट या कायद्याच्या प्राध्यापकांनी हे वर्णन खुनाच्या कटात सामील होण्याइतके आहे, असा आक्षेप घेतला. तो शोकाचा भाग होता, कोणाला मारण्याचा हेतू नव्हता, असे गॉफमन यांचे म्हणणे होते. नोंदी नष्ट करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण तो माहितीचा नसून कृतीचा आहे.

गोपनीयतेचा विचार करताना बहुतेक लेखक न्यायालय आणि पोलीस यांच्यापाशीच थांबतात. रॉबर्ट टेलर होम्समधील एक प्रकरण त्याहून बोधप्रद आहे. वसाहतीतील अनेक रहिवासी घरातून गोळ्या-बिस्किटे विकणे, केस कापणे, वाहनतळावर गाड्या दुरुस्त करणे, देहविक्रय अशा मार्गांनी गुजराण करीत. ही कमाई नोंदलेली नसे आणि तिच्यातील हिस्सा टोळीला आणि रहिवाशांच्या नेत्या असलेल्या एका वजनदार बाईंना द्यावा लागे. वेंकटेश यांनी या लोकांना विश्वासात घेऊन कोण किती कमावतो हे वहीत टिपले. आकडे बरोबर आहेत का हे पाहण्यासाठी त्यांनी ते म्होरक्याला आणि त्या बाईंना दाखवले. दोघांनाही लगेच कळले की बरेच जण कमाई कमी सांगून हिस्सा वाचवत आहेत, आणि वसुली वाढली. हे कोणी सांगितले असेल, ते ओळखायला लोकांना वेळ लागला नाही. अनेकांनी वेंकटेश यांच्याशी बोलणे सोडले.

येथे ना कोणते समन्स निघाले होते, ना कोणाचे नाव छापले गेले होते. संशोधनात पडताळणीचा जो टप्पा निर्दोष मानला जातो, त्यानेच दुर्बळांची माहिती बलवानांच्या हाती दिली. टोळीच्या क्षेत्रात कोणतीही माहिती तटस्थ नसते : कोणाकडे किती पैसे आहेत, कोण कोणाच्या घरी जातो, कोण काम सोडू पाहतो, हे सर्व वरच्या थरासाठी वसुलीचे किंवा शिक्षेचे साधन ठरू शकते. त्यामुळे पडताळणी त्याच माणसाशी पुन्हा बोलून, किंवा ज्याचा त्या माहितीशी हितसंबंध नाही अशा मार्गाने करावी लागते, आणि ज्याने प्रवेश दिला त्यालाच कच्च्या नोंदी न दाखवण्याचे सुरुवातीलाच सांगून ठेवावे लागते.

भारतातील कायदेशीर स्थिती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार खून, दरोडा यांसारखे ठरावीक गुन्हे घडल्याचे किंवा घडवण्याचा बेत असल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील ‘घडून गेलेले ऐकावे’ हा नियम त्यामुळे येथे तसाच लागू पडत नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजे मकोका, याच्या व्याख्येत तर गुन्हेगारी टोळीला साहाय्य करणाऱ्या व्यक्तीशी जाणीवपूर्वक संपर्क ठेवणे आणि टोळीला उपयोगी पडेल अशी माहिती अधिकाराविना पुरवणे यांचाही समावेश गुन्ह्यास साहाय्य करण्यात होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या व्याख्येचा अर्थ लावताना गुन्हेगारी हेतू आणि गुन्ह्याशी संबंध आवश्यक मानला. तरीही शिकागोत वहीतील आकडे म्होरक्यापर्यंत पोहोचले तसे मुंबईत किंवा नागपुरात घडले, तर अभ्यासकाला आपला हेतू न्यायालयापुढे मांडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून येथे असे काम बहुधा टोळी सोडलेल्यांशी, सुटून आलेल्यांशी आणि वस्तीतील कुटुंबांशी बोलून केले जाणे अधिक व्यवहार्य ठरते.