एन्कोडर, डिकोडर आणि एन्कोडर-डिकोडर ट्रान्सफॉर्मर

भाषा हाताळणाऱ्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलांच्या या तीन घडणी आहेत. तिघींचे मूळ एकच. गूगलमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेला ट्रान्सफॉर्मर भाषांतरासाठी होता आणि त्यात दोन्ही भाग होते: मूळ वाक्य वाचणारा सहा थरांचा एन्कोडर आणि भाषांतर लिहिणारा सहा थरांचा डिकोडर. पुढच्याच वर्षी हे भाग सुटे झाले. जून २०१८ मध्ये आलेल्या जीपीटीने फक्त डिकोडर ठेवला, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या बर्टने फक्त एन्कोडर. थरांची आतली रचना दोघांत जवळपास सारखीच आहे. खरा फरक एका प्रश्नात आहे: एखाद्या शब्दाला वाक्यातले दुसरे कोणते शब्द दिसतात?

‘पान गळून पडले’ आणि ‘पान उलटून वाचले’ ही दोन वाक्ये घेऊ. सोयीसाठी प्रत्येक शब्द म्हणजे एक टोकन असे मानू. प्रत्यक्षात शब्दाचे अनेकदा तुकडे पडतात. ट्रान्सफॉर्मर प्रत्येक टोकनासाठी आकड्यांची एक यादी, म्हणजे सदिश, तयार करतो आणि थरामागून थर ती यादी आजूबाजूच्या टोकनांकडे पाहून सुधारत नेतो. या पाहण्याला अटेन्शन म्हणतात. एन्कोडरमध्ये प्रत्येक टोकन दोन्ही बाजूंना पाहू शकते. त्यामुळे पहिल्या वाक्यातल्या ‘पान’चा सदिश झाडाकडे झुकतो, दुसऱ्यातल्या ‘पान’चा पुस्तकाकडे. डिकोडरमध्ये टोकनाला स्वतःपुढचे काहीच दिसत नाही. पुढची जागा झाकणारा हा मास्क असा असतो (१ म्हणजे दिसते, ० म्हणजे झाकलेले):

```
        पान  गळून  पडले
पान      1    0     0
गळून     1    1     0
पडले     1    1     1
```

म्हणून डिकोडरमध्ये दोन्ही वाक्यांतल्या ‘पान’चा सदिश शेवटच्या थरापर्यंत तंतोतंत एकच राहतो. अर्थाचा उलगडा ‘गळून’ किंवा ‘उलटून’च्या जागी होतो, मागे जाऊन ‘पान’ सुधारता येत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे हा फरक आपल्या वाक्यांत विशेष ठळक दिसतो.

मॉडेलाला शिकवायचे कसे, हेही या दिसण्या-न दिसण्यावरूनच ठरते. डिकोडरला पुढचे टोकन ओळखायला लावतात: ‘पान’वरून ‘गळून’, ‘पान गळून’वरून ‘पडले’. उत्तर मास्कने झाकलेलेच असते, त्यामुळे एका फेरीत मजकुरातल्या जवळजवळ प्रत्येक जागी एक प्रश्न सुटतो. एन्कोडरला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण पुढचा शब्द त्याच्या डोळ्यांसमोरच असतो. डिकोडरच्या कोडमध्ये चुकून हा मास्क लावायचा राहिला तर हेच घडते: प्रशिक्षणातली चूक संशयास्पद वेगाने शून्याकडे जाते आणि प्रत्यक्ष लिहायला सांगितले की मॉडेल निरर्थक शब्द ओकते.

एन्कोडरसाठी म्हणून मजकुरातच खड्डे पाडावे लागतात. बर्टच्या पद्धतीत १५ टक्के टोकन निवडली जातात आणि मूळ शब्द कोणता होता ते दोन्ही बाजूंच्या संदर्भावरून ओळखायचे असते. ५१२ टोकनांच्या उताऱ्यात असे सुमारे ७७ प्रश्न होतात, म्हणजे शिकण्याची संधी डिकोडरच्या मानाने बरीच कमी. निवडलेल्या टोकनांपैकी ८० टक्क्यांच्या जागी [MASK] ही खूण येते, १० टक्क्यांच्या जागी भलताच शब्द येतो आणि १० टक्के तशीच राहतात. ही विभागणी विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. प्रत्यक्ष वापरात [MASK] कुठेच नसते. फक्त त्या खुणेपाशीच नीट विचार करायची सवय लागली, तर उरलेल्या साध्या शब्दांचे सदिश कच्चे राहण्याचा धोका असतो.

मग एन्कोडरकडून मजकूर का लिहून घेत नाहीत? ‘ती [MASK] [MASK] आहे’ या वाक्यात ‘पुस्तक वाचत’ चालेल आणि ‘गाणे गात’ही चालेल. पण बर्ट दोन्ही जागांचे अंदाज एकमेकांना न विचारता एकाच वेळी बांधतो, त्यामुळे ‘पुस्तक गात’ असे उत्तर येऊ शकते. डिकोडरने आधी ‘पुस्तक’ निवडले, तर पुढचा अंदाज त्या निवडीवरच उभा असतो. शिवाय नवा शब्द जोडल्यावर डिकोडरमधल्या आधीच्या शब्दांचे सदिश बदलत नाहीत. त्यांचे लागणारे हिशेब जपून ठेवून पुन्हा वापरता येतात. एन्कोडरमध्ये एक शब्द वाढला की सगळेच नव्याने मोजावे लागते. लांब मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलांत डिकोडर पुढे गेला, त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

एन्कोडर-डिकोडर घडणीत वाचणे आणि लिहिणे ही कामे वेगळी असतात. एन्कोडर संपूर्ण मूळ मजकूर दोन्ही बाजूंनी पाहून वाचतो. डिकोडर एकेक शब्द लिहितो आणि प्रत्येक वेळी आपल्या आधीच्या शब्दांबरोबरच एन्कोडरच्या सदिशांकडेही पाहतो. २०१९ मधील टी५ मॉडेलाने या घडणीसाठी दोन्ही प्रश्नप्रकार एकत्र आणले. सलग तुकडे काढून टाकायचे आणि तेवढेच क्रमाने लिहून घ्यायचे:

```
दिलेले:   मुलगी <extra_id_0> पुस्तक <extra_id_1> होती
अपेक्षित: <extra_id_0> झाडाखाली बसून <extra_id_1> वाचत <extra_id_2>
```

ओळख पटवताना दोन्ही बाजूंचा संदर्भ मिळतो आणि लिहिताना शब्द एकमेकांना धरून येतात. मूळ मजकूर समोर ठेवून त्याचे दुसरे रूप लिहायचे असते तिथे ही घडण शोभते: भाषांतर, सारांश, बोलण्याचे लेखन. २०२२ मधील व्हिस्पर याच घडणीचे आहे. त्याचा एन्कोडर ३० सेकंदांचा आवाज ऐकतो आणि डिकोडर शब्द लिहितो.

एन्कोडर एकटा असतो तेव्हा त्याचे काम निवाड्याचे: अभिप्राय अनुकूल की प्रतिकूल, वाक्यात व्यक्तीचे नाव कुठे आहे, हा उतारा प्रश्नाशी जुळतो का. मूळ मोठा बर्ट सुमारे ३४ कोटी प्राचलांचा, म्हणजे शिकताना ठरत जाणाऱ्या आकड्यांचा, तर २०२० मधील जीपीटी-३ हे १७,५०० कोटींचे. ठरावीक खाचांत लाखो मजकूर टाकायचे असतील आणि शिकवायला नमुने हाताशी असतील, तर लहान एन्कोडर आजही अधिक शहाणी निवड ठरतो. डिकोडर हीच कामे उत्तर लिहून करतो, एकच मॉडेल अनेक सूचना पाळते, पण प्रत्येक निवाड्यामागे गणित जास्त लागते.

घडण बदलताना जुनी सवय मात्र अंगावर येते. बर्टमध्ये मजकुराच्या सुरुवातीला [CLS] हे टोकन असते आणि वर्गीकरणासाठी त्याचाच सदिश घेतात, कारण त्याला सगळे वाक्य दिसलेले असते. तीच युक्ती डिकोडरवर वापरली आणि पहिले टोकन नेहमीची आरंभखूण असली, तर प्रत्येक वाक्याला एकच सदिश मिळतो. कोणतीही दोन वाक्ये तपासली तरी साम्य बरोबर १ येते. तसे दिसले की शेवटच्या खऱ्या टोकनाचा सदिश घ्यावा. डिकोडरमध्ये सगळे वाक्य पाहिलेले असते ते फक्त त्यानेच. त्यातही लांबी जुळवण्यासाठी मागे भरलेली रिकामी टोकन आधी वगळावी लागतात.