व्याख्यानसंहितेचे मराठी भाषांतर (ऑनलाइन अभ्यासक्रम)

ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या चित्रफितीतील बोलण्याची लेखी संहिता मराठीत आणताना पडद्यावरील स्लाइडशी तिचा मेळ राखण्याची आणि सूत्रे, चिन्हे मुळाप्रमाणे ठेवण्याची पद्धत. भारतात हिला वाव मिळाला तो मुख्यतः २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या एनपीटीईएल आणि २०१७ मधील स्वयम् या उपक्रमांनंतर.

चिन्हे कोणत्या लिपीत लिहावीत, हा वाद मात्र चित्रफितींपेक्षा जुना आहे. जुन्या मराठी भूमितीत त्रिकोण ‘अबक’ असे. पुढे ABC रुळला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या तत्त्वांनुसार भूमितीच्या आकृतीत भारतीय अक्षरे चालतात, पण त्रिकोणमितीय संबंधांत रोमन व ग्रीक अक्षरेच वापरावयाची असतात, उदा., sin A, cos B. सेंटिमीटरसारख्या एककाचे संक्षिप्त रूप ‘से.मी.’ असे नागरीत लिहिण्यास बालसाहित्य व लोकप्रिय पुस्तकांपुरती आयोगाची मुभा आहे. ही तत्त्वे छापील ग्रंथांसाठी ठीक आहेत. चित्रफितीत स्लाइड बदलता येत नाही, म्हणून तिच्यावर cm असेल तर उपशीर्षकातही cm ठेवणे अधिक ग्राह्य वाटते. आकृतीतील अक्षरांनाही हेच लागू पडते. विभक्तिप्रत्यय चिन्हाला न चिकटवता ‘t ने’ असा सुटा लिहितात. ध्वनिमुद्रणाच्या संहितेत मात्र ‘टी ने’ असा उच्चार द्यावा लागतो.

मेळ बिघडतो तो बहुधा वाक्यरचनेमुळे. स्लाइडवर a = (v − u)/t आहे आणि व्याख्याता आधी a, मग v − u, शेवटी t वर पडद्यावरील दर्शक बाण नेतो, असे समजू. ‘वेगातील बदल v − u याला काल t ने भागले की त्वरण a मिळते’ हे मराठी निर्दोष आहे, पण बाण a वर असताना वाचक v − u वाचत असतो. शाळेतील ‘भागिले’ येथे उपयोगी पडते, कारण त्याने सूत्राचा क्रम टिकतो:

```
57
00:04:12,000 --> 00:04:18,500
त्वरण a म्हणजे वेगातील बदल v − u
भागिले काल t.
```

काळनोंदीतील अंक देवनागरीत केल्यास प्लेअर सहसा ती नोंद वाचत नाहीत, म्हणून ती ओळ जशीच्या तशी ठेवतात. उपशीर्षकाची एक नोंद दोन स्लाइडांवर पसरू नये. स्लाइड बदलण्याच्या क्षणी वाक्य तोडून उरलेला भाग पुढील नोंदीत नेतात. तपासणी आवाज बंद ठेवून करणे चांगले. ‘हे पद’, ‘येथे’ असे शब्द दिसत असताना बाण दुसरीकडे असेल, तर चूक लगेच कळते.

आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदन ध्वनिमुद्रित करतात. सॉफ्टवेअरचा पडदा आणि आज्ञा इंग्रजीतच राहतात.